दीर्घ चित्रफितीचे आकारमान कसे घटवावे? : काजू कलम प्रात्यक्षिकाचे उदाहरण

काजूच्या मृदुकाष्ठ कलमाचे प्रात्यक्षिक मोबाईलवर चित्रित केले असता ते सहज वीस-पंचवीस मिनिटांचे होते. कलमकाडीची निवड, खुंटरोपाचा छेद, पाचरीचा आकार, प्लॅस्टिक पट्टीची बांधणी आणि नंतरची निगा असे टप्पे त्यात येतात. अशी २४ मिनिटांची फीत शेतकऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर पाठविण्याची वेळ येते, तेव्हा ती सुमारे ३ जीबीची भरते आणि जातच नाही. घाईने लहान केली, तर ती जाते खरी. पण खुंटाचा आणि काडीचा कॅम्बियम थर एकमेकांस कोठे भिडवावा, हा कलमाचा गाभाच चित्रात पुसट होतो. असे चित्र पाहून बांधलेले कलम लागले नाही, तर शेतकऱ्याचा एक हंगाम वाया जातो. म्हणून आकारमान घटवताना कोणता तपशील जाऊ द्यायचा आणि कोणता राखायचा, हे प्रथम ठरवावे लागते.

आकारमान कशावर ठरते

चित्रफितीचे आकारमान दोनच गोष्टींच्या गुणाकाराने ठरते : फितीची लांबी आणि बिटरेट. बिटरेट म्हणजे एका सेकंदाच्या चित्रासाठी खर्च होणारी माहिती. ती मेगाबिट प्रति सेकंद या एककात मोजतात. आठ बिट मिळून एक बाइट होतो. त्यामुळे १ मेगाबिट प्रति सेकंद बिटरेटची फीत दर मिनिटास साडेसात एमबी जागा घेते.

अनेक मोबाईल १०८० पिक्सेल उंचीचे, सेकंदाला ३० चौकटींचे चित्रण करताना सुमारे १७ मेगाबिट प्रति सेकंद हा बिटरेट वापरतात. १७ ला साडेसातने गुणले, की एका मिनिटास साडेसत्तावीस अधिक शंभर, म्हणजे १२७.५ एमबी होतात. २४ मिनिटांस ३,०६० एमबी. व्हॉट्सअ‍ॅपवर दस्तऐवज म्हणून पाठवावयाच्या फाइलची मर्यादा २ जीबी आहे. ही फीत त्या वाटेनेही जाऊ शकत नाही.

मोबाईल इतका बिटरेट वापरतो, कारण चित्रण चालू असतानाच त्याला तत्क्षणी संक्षेपन करावे लागते. विचार करण्यास वेळ नसतो. संगणकाला तो वेळ असतो. प्रत्येक चौकट मागच्या चौकटीशी ताडून केवळ बदललेला भाग साठविणे, हे संक्षेपनाचे मुख्य तत्त्व होय. संगणक हा शोध अधिक बारकाईने घेतो. त्यामुळे डोळ्यास फारसा फरक न जाणवता तीच फीत दहाव्या, कधी विसाव्या हिश्श्यात बसते.

याच तत्त्वामुळे आणखी एक गोष्ट उमगते. मेजावर ठेवलेले खुंटरोप आणि मागे साधे कापड असेल, तर चौकटीगणिक फार थोडे बदलते आणि फीत लहान होते. वाऱ्याने हलणारी काजूची पाने मागे असतील, तर पडद्यावरचा बहुतेक भाग प्रत्येक चौकटीत बदलतो आणि तितकीच मिनिटे दुप्पट-तिप्पट जागा मागतात. हातात धरलेला मोबाईल थरथरत असेल, तरी हेच घडते. शेतातील फिती कार्यालयातील भाषणांच्या फितींपेक्षा मोठ्या का भरतात, याचे उत्तर येथे आहे.

फाइल झिप करून काही साधत नाही, हेही यावरून कळते. मोबाईलची फीत आधीच संक्षिप्त असते. झिपला त्यातून काढण्यासारखे जवळजवळ काही उरलेले नसते.

पहिले पाऊल : कापणी

गुणवत्तेला तिळमात्र धक्का न लावता आकारमान घटविणारा एकच उपाय आहे, तो म्हणजे लांबी कमी करणे. २४ मिनिटांच्या प्रात्यक्षिकात चाकू पुसणे, पुढचे रोप उचलून आणणे, कोणाच्या फोनमुळे पडलेला खंड, लांबलेले स्वागत असे भाग असतातच. ते काढल्यावर फीत १८ मिनिटांची उरते असे धरू. एवढ्यानेच ३,०६० एमबीचे २,२९५ एमबी होतात.

कापणीसाठी `LosslessCut` हा विनामूल्य प्रोग्राम सोयीचा आहे. तो चित्राचे पुन्हा संक्षेपन करीत नाही. मूळ माहिती जशीच्या तशी तोडून ठेवतो. मात्र असा छेद केवळ फितीतील पूर्ण साठविलेल्या चौकटींपाशीच घेता येतो. त्यामुळे निवडलेल्या क्षणाच्या किंचित आधीपासून तुकडा सुरू झालेला दिसू शकतो. वाक्याच्या मधोमध छेद न घेता शांततेच्या जागी घेतला, म्हणजे हा फरक जाणवत नाही.

कापतानाच फितीचे तीन भाग करावेत. प्रस्तुत उदाहरणात पहिला भाग बागेतील कलमकाडीच्या निवडीचा, दुसरा मेजावरील छेद, जोड व बांधणीचा आणि तिसरा रोपवाटिकेतील निगेचा, असे सहा-सहा मिनिटांचे तीन भाग पडतात. शेतकऱ्याला पाहिजे तो भाग तेवढाच उतरवून घेता येतो, आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे प्रत्येक भागाला त्याच्या गरजेइतकी गुणवत्ता देता येते.

दुसरे पाऊल : संक्षेपनाची मांडणी

संक्षेपनासाठी `HandBrake` हा विनामूल्य आणि मुक्तस्रोत प्रोग्राम विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्हींवर चालतो. त्यात भाग उघडून यादीतून `Fast 720p30` ही तयार मांडणी निवडावी. तीत पुढील थोडे बदल पुरेसे आहेत.

`Dimensions` या टॅबमध्ये अंतिम मापे दिसतात. मूळ चित्र १९२० × १०८० असेल, तर ते १२८० × ७२० होते. मोबाईलच्या पडद्यावर ही घट क्वचितच जाणवते. पिक्सेलांची संख्या मात्र निम्म्याहून कमी होते. चित्रण मोबाईल उभा धरून केलेले असल्यास ही मापे अवश्य तपासावीत. उंची ७२० वर आणि रुंदी ४०५ च्या आसपास आली असेल, तर चित्र गरजेपेक्षा फार लहान झाले आहे. अशा वेळी मर्यादा स्वतः बदलून रुंदी ७२० व उंची १२८० करावी.

`Video` टॅबमध्ये एन्कोडर `H.264 (x264)` ठेवावा. एच.२६५ या नव्या पद्धतीने त्याच गुणवत्तेची फीत आणखी लहान होते. परंतु जुन्या आणि स्वस्त मोबाईलवर ती अडखळते किंवा उघडतच नाही. गटातील सर्वात साध्या फोनवर जी चालेल तीच पद्धत गटासाठी योग्य होय. `Encoder Preset` ही सरकपट्टी `Slow` पर्यंत न्यावी. संगणकाला जास्त वेळ लागतो, पण मिळणाऱ्या जागेचा तो अधिक चांगला उपयोग करतो.

याच टॅबमध्ये `Constant Quality` हा पर्याय आणि त्याखाली `RF` हा आकडा असतो. सारी किल्ली या आकड्यात आहे. आकडा जितका लहान, तितकी गुणवत्ता वरची आणि फाइल मोठी. साधारणपणे आकडा ६ ने वाढविला, की फाइल निम्म्यावर येते. ६ ने कमी केला, की दुप्पट होते. ७२० उंचीच्या चित्रासाठी `HandBrake` १९ ते २३ हा पल्ला सुचवितो. मोबाईलवर पाहण्यासाठी प्रथम २४ हा आकडा घेऊन चाचणी करणे व्यवहार्य ठरते.

`Audio` टॅबमध्ये `Mixdown` पुढे `Mono` आणि बिटरेट `64` निवडावा. बोलणाऱ्या एका माणसाच्या आवाजासाठी तो पुरतो. सहा मिनिटांच्या आवाजास त्यामुळे तीन एमबीहून कमी जागा लागते. याहून खाली जाऊन वाचणारी जागा नगण्य असते; वाऱ्याच्या आवाजात मिसळलेले शब्द मात्र कळेनासे होतात.

तिसरे पाऊल : एका मिनिटाची चाचणी

संपूर्ण भाग लगेच संक्षेपित न करता त्यातील एका मिनिटाचीच चाचणी घ्यावी. `Range` पुढे `Seconds` निवडून आरंभ आणि अंत यांत साठ सेकंदांचे अंतर ठेवले, की तेवढाच तुकडा तयार होतो. तो त्या भागातील सर्वात अवघड मिनिटाचा असावा : पाने हलत असलेला, किंवा चाकूचे पाते आणि साल जवळून दाखविणारा.

समजा, `RF` २४ ठेवून तिन्ही भागांच्या चाचण्या घेतल्या. बागेतील मिनिट १५ एमबीचे, मेजावरील मिनिट ६ एमबीचे आणि रोपवाटिकेतील मिनिट १० एमबीचे निघाले. सहाने गुणले असता भाग अनुक्रमे ९०, ३६ आणि ६० एमबीचे होतील. एकूण १८६ एमबी. म्हणजे ज्या भागात शिकण्यासारखे बारकावे सर्वाधिक, त्यालाच सर्वात कमी जागा मिळाली आणि सर्वात जास्त जागा हलत्या पानांनी खाल्ली.

येथे विस्तार कार्यकर्त्याचा निर्णय यंत्राच्या निर्णयापेक्षा मोलाचा ठरतो. बागेच्या भागात काडीची जाडी, तिचा रंग आणि शेंड्यावरील डोळा दिसला, की काम भागते. मागची पाने किंचित विरघळली तरी चालतात. म्हणून तेथे `RF` २४ वरून २७ करावा. तीनच्या वाढीने आकारमान सुमारे सात दशांशावर येते आणि ९० एमबीचे साधारण ६४ होतात. मेजावरील भागात उलट करावे. छेदाचा पृष्ठभाग गुळगुळीत आहे का, पाचरीच्या दोन्ही बाजू सारख्या उतरत्या आहेत का, एका बाजूस तरी साल सालीला भिडली आहे का, हे दिसलेच पाहिजे. तेथे आकडा २२ वर आणावा. ३६ चे साधारण ४५ एमबी होतील. तिसरा भाग जसा आहे तसा ठेवला, तर एकूण १६९ एमबी भरतात. मूळ फितीच्या सुमारे अठराव्या हिश्श्यात सारे प्रात्यक्षिक बसले, आणि त्यातील कलमाचा जोड पहिल्या चाचणीपेक्षा अधिक स्पष्ट उरला.

ज्यांना असे अनेक भाग वारंवार तयार करावे लागतात, त्यांनी `ffmpeg` हा आज्ञांवर चालणारा विनामूल्य प्रोग्राम वापरावा. मेजावरील भागासाठी वरील सर्व मांडणी एका ओळीत अशी येते :

```
ffmpeg -i bhag2.mp4 -vf scale=-2:720 -c:v libx264 -crf 22 -preset slow -c:a aac -ac 1 -b:a 64k bhag2-lahan.mp4
```

यातील `-crf` म्हणजेच वर उल्लेखिलेला `RF` होय. ही ओळ आडव्या चित्रणासाठी आहे. उभ्यासाठी `scale=720:-2` असे लिहावे.

आकारमान आधीच ठरलेले असेल तर

काही वेळा मर्यादा बाहेरून येते. उदाहरणार्थ, डोंगराळ भागातील गटासाठी तिन्ही भाग मिळून १०० एमबीच्या आत हवेत, असे ठरले. तेव्हा उलटे गणित मांडावे. १०० एमबी म्हणजे ८०० मेगाबिट. १८ मिनिटे म्हणजे १,०८० सेकंद. भागाकार केल्यास सेकंदाला सुमारे ७४० किलोबिट मिळतात. त्यातून आवाजाचे ६४ वजा करावेत आणि थोडी राखीव जागा सोडून चित्रासाठी ६५० किलोबिट धरावेत. `HandBrake` मध्ये `Constant Quality` ऐवजी `Avg Bitrate (kbps)` निवडून तेथे `650` लिहावे आणि `Multi-Pass Encoding` ही खूण करावी. जुन्या आवृत्त्यांत तिचे नाव `2-Pass Encoding` असे आहे. प्रोग्राम फीत आधी एकदा वाचून कोठे किती जागा लागेल याचा अंदाज घेतो आणि मग ठरलेल्या आकारमानात ती बसवितो.

मात्र वरील चाचणीकडे पाहिले, की अडचण ध्यानी येते. बागेतील मिनिट १५ एमबीचे होते, म्हणजे ते सेकंदाला २,००० किलोबिट मागत होते. त्याला ६५० दिले, तर ७२० उंचीवर पानांच्या जागी हिरवे चौकोन दिसू लागतील. अशा वेळी चित्राची मापे ८५४ × ४८० इतकी खाली आणावीत. कमी पिक्सेलांत तीच माहिती अधिक स्वच्छ दिसते. तरीही चौकोन राहिले, तर बिटरेटशी झगडत न बसता बागेच्या भागाची आणखी दोन मिनिटे कापावीत.

पाठविण्याची रीत

येथवर केलेले काम एका चुकीच्या स्पर्शाने वाया जाऊ शकते. गॅलरीतून निवडून व्हिडिओ म्हणून पाठविलेली फीत व्हॉट्सअ‍ॅप स्वतःच्या हिशेबाने पुन्हा संक्षेपित करते. संक्षेपित चित्राचे पुन्हा संक्षेपन झाले, की पहिल्या खेपेचे दोष दुसऱ्या खेपेला मूळ तपशील समजून साठविले जातात आणि खऱ्या तपशिलाची जागा खातात. हे टाळण्यासाठी जोडणीच्या खुणेतून `Document` निवडून फाइल पाठवावी. तशी पाठविलेली फाइल बदलत नाही.

ती खरोखर बदलली नाही, याची खातरजमा सोपी आहे. दुसऱ्या फोनवर फाइल उतरवून तिचे आकारमान पाहावे. पाठविलेली ४५ एमबीची आणि पोहोचलेलीही ४५ एमबीची असेल, तर ती जशीच्या तशी गेली. आकडा बराच घटला असेल, तर वाटेत तिचे संक्षेपन झाले आहे.

दस्तऐवज म्हणून आलेली फीत पूर्ण उतरल्यावाचून उघडत नाही, ही त्यातील गैरसोय ध्यानात ठेवावी. म्हणून प्रत्येक भागासोबत त्यात काय आहे आणि तो किती एमबीचा आहे, हे एका ओळीत लिहावे. फाइलचे नावही अर्थपूर्ण असावे. मोबाईलने दिलेली आकड्यांची नावे महिन्याभराने कोणालाच ओळखू येत नाहीत.

परीक्षण कोठे आणि कसे करावे

संगणकाच्या मोठ्या पडद्यावर दिसणारे दोष मोबाईलवर दिसत नाहीत, आणि कार्यालयातील सावलीत स्पष्ट वाटणारे चित्र उन्हात पाहिल्यावर काळवंडते. म्हणून अंतिम परीक्षण साध्या मोबाईलवर, शक्यतो घराबाहेर करावे. सबंध फीत पाहण्याची गरज नाही. चाकू सालीत शिरतो तो क्षण, पाचर छेदात बसते तो क्षण आणि पट्टीचा पहिला वेढा, अशा तीन ठिकाणी फीत थांबवून चित्र निरखावे. सालीखालचा हिरवट थर लाकडापासून वेगळा दिसत असेल, तर आकडा योग्य आहे. तो एकसंध डागासारखा दिसत असेल, तर `RF` दोनने कमी करून तेवढाच भाग पुन्हा तयार करावा. पार्श्वभूमीवर चौकोन दिसतात, पण हात आणि चाकू स्वच्छ आहेत, अशी स्थिती असेल तर काही करण्याची आवश्यकता नाही. शेवटच्या मिनिटात ओठ आणि शब्द जुळतात का, एवढे मात्र एकदा पाहून घ्यावे.

नव्याने काही दुरुस्ती करावयाची असल्यास ती नेहमी मूळ फितीवरूनच करावी; लहान केलेली फीत पुन्हा लहान करू नये. याच कारणास्तव मूळ फाइल पेन ड्राइव्हवर किंवा हार्ड डिस्कवर जपून ठेवावी. मूळ तपशील एकदा गेला, की कोणताही प्रोग्राम तो परत आणू शकत नाही. मापे वाढवून केवळ आकारमान वाढते.

पुढील चित्रणाच्या वेळी

निम्मे संक्षेपन चित्रण करतानाच साधता येते. मोबाईल तिपाईवर ठेवावा. सेकंदाला ६० ऐवजी ३० चौकटी निवडाव्यात. फोरके चित्रण टाळावे. ते शेवटी ७२० वरच आणावयाचे असते. खुंटरोपामागे एकरंगी, फिकट कापड लावावे आणि शक्य असेल तर वारा पडलेली सकाळची वेळ साधावी. वरील उदाहरणातील मेजावरचे मिनिट ६ एमबीत बसले आणि बागेतले १५ एमबीचे झाले, त्यातील बराचसा फरक त्या कापडाचा आणि तिपाईचा होता.